कुरकुरीची पायरी ओळख

तू रात्रपाळीचा सुपरवायझर झालास हे ताईकडून कळलं. बरं वाटलं, आणि लगेच लिहायला बसलो. एक सप्टेंबरला पर्ससीनवाले समुद्रात उतरले आणि मिरकरवाड्याला बांगडा लागायला लागला की कोल्ड स्टोरेजमध्ये कोणालाच काही सांगायला-ऐकायला सवड राहत नाही. जे सांगायचं ते आत्ताच सांगतो.

फोनवर तू विचारलंस, "मामा, पोरं थकलीत, चिडतात, बॉक्स आपटतात. काय दिलं तर खूश होतील?" तुझे शेठ म्हणतायत, महिन्याचा उत्तम कामगार निवडू, ऑफिसात फोटो लावू, वर थोडं बक्षीस देऊ. माणूस मनाने चांगला आहे, हेतूही चांगला आहे. पण या घटकेला ते करू नकोस. का, ते समजायला आधी तुझी पोरं एका रात्रीत किती उचलतात याचा हिशेब एकदा कागदावर मांड.

चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये साधारण सत्तावीस टन गोठवलेला माल जातो. दहा-दहा किलोचे दोन स्लॅब, म्हणजे वीस किलोचा एक बॉक्स. झाले साडेतेराशे बॉक्स. तुझे लोडर सहा. प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोनशे बॉक्स, म्हणजे साडेचार टन. शिवाय एक बॉक्स एकदाच उचलला जात नाही. थप्पीवरून ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून कंटेनरमध्ये, असा तो दोनदा हाताळला जातो. म्हणजे एका माणसाच्या पाठीवरून एका रात्रीत नऊ टन जातात. अर्धं काम उणे अठरा अंशांत, अर्धं बाहेरच्या दमट हवेत. आत गारठायचं आणि बाहेर आलं की घामाने भिजायचं. त्याच ओल्या बनियनने परत आत जायचं. अशा माणसाच्या हातात फोटोची चौकट दिलीस तर तो तुझ्या तोंडावर हसेल आणि मनातून दुरावेल. त्याला हवं होतं कोरडं बनियन आणि झोप, आणि तू दिलंस कौतुक. तो म्हणणार, याला आमचं काही दिसतच नाही.

माणसाच्या गरजांची उतरंड तू कॉलेजात शिकला असशील. अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये ती मांडली. भूक, तहान, झोप या शरीराच्या गरजा तळाशी. त्यावर सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मान, आणि सगळ्यात वर आपल्या अंगात जे आहे ते पूर्णपणे प्रत्यक्षात उतरवायची ओढ. पुस्तकात त्रिकोण काढून दाखवतात तो मॅस्लोने काढलेला नव्हता, पुढे व्यवस्थापनवाल्यांनी काढला. त्रिकोण पाठ करून गोडाउनमध्ये काही होत नाही. त्याच माणसाची दुसरी एक गोष्ट तुझ्या कामाची आहे आणि ती फारशी कोणी शिकवत नाही.

१९६२ च्या उन्हाळ्यात मॅस्लो कॅलिफोर्नियात नॉन-लिनिअर सिस्टिम्स या विद्युतमापकं बनवणाऱ्या कारखान्यात राहिला. तिथे जे सुचलं ते तो टिपत गेला आणि त्या टिपणांचं १९६५ मध्ये पुस्तक झालं. त्यात तो म्हणतो, कामाच्या जागेची तब्येत पाहायची तर तिथली माणसं कशाबद्दल कुरकुरतात ते ऐका. थंडी, ओल, थकवा, जिवाची भीती याबद्दलची कुरकुर खालच्या पायरीची. मान राखला जात नाही, आपल्याला विचारत नाहीत, केलेल्या कामाची दखल नाही, ही वरची. आणि काम नीट होत नाही, अन्याय होतोय, माल खराब होतोय, स्वतःचं काही नसताना याबद्दल माणूस बोलायला लागला तर ती सगळ्यात वरची. कुरकुर कधी संपत नाही असं तो स्पष्टच म्हणतो. ती वर चढतेय की खाली घसरतेय, एवढं पाहायचं.

कानात ठेव तो मंत्र हाच. कुरकुर बंद करायला जाऊ नकोस, तिची पायरी ओळख आणि उत्तर त्याच पायरीवर दे. खालच्या कुरकुरीला वरचं बक्षीस देऊ नकोस, आणि वरच्या कुरकुरीला वडापाव देऊन गप्प करू नकोस.

आता पायरी ओळखायची कशी? तोंडावर जाऊ नकोस. थकलेला माणूस ज्याबद्दल बोलतो ते बहुधा त्याचं खरं दुखणं नसतं. तुझ्या पॅकिंगच्या बायका घे. रात्री अकरानंतर एकीचं डोकं दुखतं, दुसरीच्या पायात गोळे येतात, तिसरी लेबलवाल्या पोरावर उगाच खेकसते. तू गोळ्या आणून ठेवशील. त्याऐवजी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या बघ. पाळी सुरू होताना भरलेल्या असतात आणि सुटताना तशाच भरलेल्या असतात. आता विचार, बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे? मागच्या बाजूला, बर्फाच्या गाड्या उभ्या असतात त्यांच्या पलीकडे, दिवा नाही, आतून कडी धड लागत नाही. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. डोकेदुखी तहानेची आहे आणि तहानेच्या मागे भीती आहे. एक दिवा, एक कडी आणि "दोघी-दोघींनी जा, मी वेळ मोजणार नाही" हे तुझं एक वाक्य, एवढ्याने जे होईल ते गोळ्यांच्या पाकिटाने होणार नाही. हे त्या तुला आपणहून कधी सांगणार नाहीत, तू पुरुष आहेस. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या मावशीला बाजूला घेऊन विचार, आणि दिवा लागल्यावर कोणी सांगितलं याचा उच्चारही करू नकोस.

लोडरांचं दुखणं झोपेचं आहे, हे मी इथे बसून सांगतो. ते ओळखायच्या खुणा सांगतो, तू पडताळून बघ. ताजा माणूस चुकतो तेव्हा वेगवेगळ्या चुका करतो. झोप न झालेला माणूस त्याच त्या करतो. एकच रांग दोनदा मोजतो. बॅच नंबर समोर वाचतो आणि शेजारच्या थप्पीला हात घालतो. ट्रॉली दाराच्या चौकटीला एकाच कोपऱ्यात आपटते. पडदा सारून आत गेला की मागे दार लावायचं विसरतो. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे पोरांची आपापसातली थट्टा बंद पडते. पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सगळ्यात मंद वेळ. फुटलेल्या बॉक्सांची नोंद तुझ्याकडे असेलच, त्यापुढे वेळ लिहायला लाग. बहुतेक फूट त्या दोन तासांत निघाली तर दोष पोरांच्या वृत्तीचा नाही, झोपेचा आहे.

झोप का होत नाही? काम जास्त आहे म्हणून, असं तू म्हणशील. अर्धंच खरं आहे. पोरांना रात्री आठला बोलावतात. कंटेनर न्हावा-शेव्याहून निघालेला असतो. महामार्गावर कुठेतरी अडकतो आणि रात्री एकला दारात लागतो. आठ ते एक पोरं बाहेर बाकड्यावर बसून असतात, ना काम ना झोप. मोबाइल बघतात, चहावर चहा पितात, पोटात आम्ल उसळतं. एकला नऊ टन उचलायला उभी राहतात तेव्हा पाच तास आधीच खर्च झालेले असतात. आणि हजेरीत ते पाच तास धरायचे की नाही यावर वाद.

इथे तुला शेठकडून एक रुपया आणायला नको. ड्रायव्हरचा नंबर वाहतूकवाल्याकडून घे आणि त्याला सांग, कशेडी उतरलास की एक फोन, चिपळूण सोडलंस की दुसरा. दुसऱ्या फोनपर्यंत कोणाला बोलवायचं नाही, सगळे घरी किंवा खोलीवर झोपलेले राहू देत. चिपळूण ते रत्नागिरी नव्वदेक किलोमीटर, जड गाडीला अडीच तास तरी लागतात. दुसऱ्या फोनला पोरांना उठव. तोंड धुऊन, खाऊन, हातखंब्याहून गाडी आत वळेपर्यंत ती हजर होतात. जी लांबून येतात त्यांच्यासाठी वरच्या माळ्यावर चटया आणि पंखा लाव, आणि तिथे दिवा मालव. मोबाइलला बंदी घालू नकोस. अंधारात आडवा झालेला थकलेला माणूस आपोआप झोपतो.

खाणंही बघ. मध्यरात्री बिर्याणी मागवून पोरांना खूश केल्याचं समाधान तुला मिळेल, पण दोन तासांनी सगळी पेंगायला लागतील. गरम पेज, लोणचं, भाजलेला सुका बांगडा, हे आपल्याकडे उगाच चालत आलेलं नाही. पोटाला जड होत नाही, मीठ आणि पाणी दोन्ही मिळतं. थंडीत माणसाला तहान लागत नाही, लघवी मात्र जास्त होते, म्हणून कोमट पाण्याचा पिंप दाराबाहेरच ठेव. आत सलग पाऊण तासावर कोणाला ठेवू नकोस. मग पंधरा मिनिटं बाहेर, आणि तेव्हा हातमोजे बदलायला कोरडी जोडी हवीच. ओला मोजा उणे अठरात घातला की बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांतून बॉक्स सुटतो. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती, तीही साध्या कामाला. थंड खोलीत त्यावर विसंबू नकोस.

एवढं केलंस की दोन आठवडे थांब आणि कान दे. कुरकुर तीच राहिली तर तुझं निदान चुकलं, परत शोध. कुरकुर बदलली तर औषध लागू पडलं. बहुतेक ती बदलून अशी होईल: "जादा तास लिहिले का?" "उचल मागितली होती, त्याचं काय झालं?" "गेल्या वेळी बोट चेपलं त्याचा दवाखान्याचा खर्च कोण देणार?" सुपरवायझर इथे वैतागतो. इतकं केलं तरी यांचं आहेच, म्हणतो. तू वैतागू नकोस. पोरं झोपेतून वर आली आणि आता उद्याचा विचार करायला लागली, याचीच ती खूण आहे.

या पायरीवर पैशाची रक्कम तुझ्या हातात नाही, पण पैशाची खात्री बरीचशी तुझ्या हातात आहे. जादा तास त्याच रात्री, सुटताना, त्या माणसासमोर लिही आणि त्याची सही किंवा अंगठा घे. महिनाअखेरीला आठवून लिहिलेल्या तासांवर जगात कोणाचाच विश्वास नसतो. पगार सात तारखेच्या आत व्हायला हवा, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलेलं आहे. उशीर होणार असेल तर पाच तारखेला सांग. आठ तारखेला सांगितलंस की ती सबब होते. नेपाळी आणि कर्नाटकातली जी पोरं आहेत त्यांना तर हे जास्तच लागतं, कारण त्यांचा पगार गावी पोहोचायची तारीख घरच्यांनी दुकानदाराला आधीच सांगितलेली असते.

जिवाच्या सुरक्षेचं एकच सांगतो, पण ते पहिल्याच रात्री कर. थंड खोलीत स्वतः जा, दार बाहेरून लावायला सांग आणि आतली कळ दाबून बाहेर ये. बर्फ धरून ती कळ अडकलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो. मग सगळ्या पोरांकडून एकेकदा ती उघडून घे. नव्या पोराच्या डोळ्यातली आत जायची धास्ती तेव्हा उतरते. अमोनियाचं यंत्र असेल तर वास आल्यावर कुठल्या दाराने निघायचं आणि बाहेर कुठे जमायचं हे चालत दाखव. फलक लावून भागत नाही, निम्म्यांना मराठी वाचता येत नाही.

आता उतरंड जिथे तशी चालत नाही तेही ऐक, नाहीतर तू ती यंत्रासारखी लावशील. मिरकरवाड्यात तुझी कितीतरी पोरं रमजानात रोजा धरतात. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि तरी कामाला उभी. तळची गरज भागल्याशिवाय वरची जागी होत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला त्या महिन्यात इथे आण. मॅस्लोलाही हे ठाऊक होतं. एक पायरी शंभर टक्के भागल्यावर दुसरी उघडते असं नाही, सगळ्याच थोड्याथोड्या अपुऱ्या असतात, हे त्याने स्वतः लिहिलंय, आणि तत्त्वासाठी उपाशी राहणाऱ्या माणसांचीही दखल घेतलीय. पुढे १९७६ मध्ये वाहबा आणि ब्रिडवेल या दोन अभ्यासकांनी तोवरचे अभ्यास तपासले, तर पायऱ्यांचा ठरीव क्रम त्यांत फारसा सापडला नाही. म्हणून क्रमाला चिकटू नकोस, समोरच्या माणसाला विचार. रोजा धरणाऱ्याला "आज काम करू नकोस" म्हणालास तर तो दुखावेल. जड माल इफ्तारनंतर घे, आधी त्याला टॅलीवर बसव, सहेरीला अर्धा तास आधी सोड. त्याची भूक तुला कमी करायची नाही, त्याच्या रोजाला जागा करून द्यायची आहे.

दुसरी एक गोष्ट, जिच्यासाठी माणूस तळचं सोडतो, ती म्हणजे जोडीदार. लोडर जोडीने काम करतात. एक उचलतो, दुसरा झेलतो, बोलावं लागत नाही. पाळीपत्रक सोपं व्हावं म्हणून जोड्या मोडू नकोस. अनोळखी माणसाबरोबर तेवढेच बॉक्स उचलताना पाठ दुप्पट दुखते, हे कुठल्याही हमालाला विचार. आणि कोणाला "ए" म्हणून हाक मारू नकोस. नावं पाठ कर, नेपाळी पोरांची सुद्धा, नीट उच्चारात. ओरडायचं असेल तर दाराबाहेर नेऊन ओरड. थकलेल्या माणसाला चार लोकांत घातलेली शिवी पगारवाढीने पुसली जात नाही.

हे सगळं जागेवर पडलं की हंगामाच्या मध्यावर कधीतरी एक जण येऊन म्हणेल, "साहेब, चौथ्या थप्पीचा माल नरम लागतोय, दार फार वेळ उघडं राहतं." किंवा म्हणेल, "कंटेनरात लाल रेघेच्या वर भरायला लावू नका, हवा फिरत नाही." तिथे हातातलं काम टाक. त्याचा पगार तेवढाच राहणार आहे, माल शेठचा आहे, आणि तरी त्याला तो खुपतोय. ही सगळ्यात वरची कुरकुर. त्याचं म्हणणं बरोबरही आहे. रीफर माल गार करत नाही, आधीच गार असलेला गार ठेवतो. थंड हवा तळाच्या सळ्यांमधून येते, मालाभोवतीने वर जाते आणि छताखालच्या मोकळ्या जागेतून परत फिरते. ती जागा भरली की मागचे बॉक्स मऊ पडतात आणि ते मुंबईला पोहोचल्यावर कळतं. अशा माणसाला चहा पाजून पाठ थोपटू नकोस. त्याला विचार, "तू कसं लावशील?" आणि पुढचा कंटेनर त्याच्या पद्धतीने लावू दे. वीस बॉक्स कमी बसले तर शेठशी तू बोल. शेठला पोरांचे हाल सांगू नकोस, ते ऐकून त्याला फक्त अपराधी वाटेल. फुटलेल्या बॉक्सांची तुझी वेळ लिहिलेली वही आणि परत आलेल्या मालाचं बिल शेजारी-शेजारी ठेव. तो व्यापारी आहे, त्याला दोन आकडे वाचता येतात.

शेठचा तो फोटो आणि बक्षीस मात्र तेव्हाही एकाला देऊ नकोस. सहा जणांत एकाला निवडलंस की ज्या जोड्या तू जपल्यास त्याच फुटतील. पैसे द्यायचेच असतील तर कंटेनर न फुटता गेला की सगळ्या पाळीला वाटून दे, पॅकिंगच्या बायकांसकट.

आणि गणपतीचं आत्तापासून बघ. हंगाम सुरू होतो आणि तेवढ्यात चतुर्थी येते. आपल्याकडे त्या दिवसांत गावी न गेलेला माणूस अंगाने गोडाउनमध्ये असतो, मनाने नसतो. सगळ्यांना सोडता येणार नाही. मग कोण आधी जाणार, कोण गौरीनंतर जाणार, आणि मोहरमला, दसऱ्याला, ईदला त्याची भरपाई कोणाला कशी, हे पोरांनाच बसवून ठरवायला सांग. तू मधे बोलू नकोस, फक्त कमीत कमी किती माणसं लागतील तो आकडा दे. यादी नारळी पौर्णिमेला भिंतीवर लागली पाहिजे. तिथून चतुर्थीपर्यंत अठरा-एकोणीस दिवस मिळतात, तेवढ्यात गाडीची तिकिटं होतात आणि घरी सांगून होतं. एकदा लागलेल्या यादीला मग कितीही माल आला तरी हात लावू नकोस, शेठनी सांगितलं तरी. माणसं कमी पडली तर मला फोन कर, माझ्या जुन्या लोडरांपैकी तीन-चार जण अजून दोन रात्री उभे राहतील.